राखुंडीचा आठवडा

घाटात विजेची इंजिनं आली, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मी सिगारेट सोडली. मी तेव्हा कर्जत स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून होतो. दिवसाला वीस सिगारेटी ओढायचो, आणि रागीट म्हणून माझी ख्याती आधीपासूनच होती. तरी त्या आठवड्यात मी जो झालो तो माणूस मलाही नवा होता.

सोडायचं कारण डाव्या पायाचा अंगठा. चालताना पोटरीत गोळा यायचा, थांबलं की जायचा. मग अंगठ्याला एक जखम झाली ती भरेना, टोक काळं पडलं. डॉक्टरांनी घोट्यावर बोटं ठेवून नाडी शोधली, ती लागली नाही. तंबाखूनं पायाच्या रक्तवाहिन्या बंद होतायत, म्हणाले. तंबाखू ओढायची नाही, चघळायची नाही, हुंगायची नाही. कुठल्याही वाटेनं ती अंगात गेली तर आधी अंगठा जाईल, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय.

घरी मी यातलं अवाक्षर काढलं नाही. अंगठ्याला चिंधी बांधली होती, ती ठेच लागली म्हणून. बायको आठ वर्षं सिगारेट सोडा म्हणत होती, आणि तिला ‘मी सांगत नव्हते का’ म्हणायची संधी मी मेलो तरी देणार नव्हतो. मनात आलं म्हणून सोडली, असं मी ऐटीत सांगितलं आणि रविवारी संध्याकाळी दहिवलीच्या वाटेवर पाकीट नदीत फेकून आलो.

सोमवारी सकाळी चहा झाला आणि हात आपोआप खिशात गेला. खिसा रिकामा. चहा झाल्यावर सिगारेट नाही म्हटल्यावर पोटही साफ होईना. परसाकडे अर्धा तास बसून मी देवाधर्माला शिव्या घातल्या. तल्लफ यायची ती एकदम, छातीपासून कानांपर्यंत. घड्याळ लावून पाहिलं, चार-पाच मिनिटांत उतरायची. पण ती पाच मिनिटं समोर कोण उभं आहे याला फार महत्त्व होतं.

मंगळवारी समोर आमचा म्हातारा हमाल होता. मुंबईला जाणाऱ्या गवताच्या गासड्या रचलेल्या आणि हा त्यांच्या आडोशाला विडी ओढत बसलेला. वाळलं गवत, एक ठिणगी पुरे. कारण इतकं योग्य होतं की मला हर्षच झाला. मी त्याची मानगूट धरली आणि हातातल्या लाकडी पट्टीनं त्याला मारत सुटलो, खांद्यावर, पाठीवर, पट्टी मोडेपर्यंत. मोडल्यावर अर्ध्या तुकड्यानंही दोन मारल्या. त्यानं हात वर केला नाही. पडलेली विडी पायानं नीट विझवली आणि म्हणाला, “सायेब, मी हितं रोज पितो. काडी तुमीच देता.”

खरं होतं. आम्ही दोघं रोज त्याच आडोशाला ओढायचो. मला त्याच्या पायाशी बसून रडावंसं वाटलं, आणि त्याच क्षणी त्याच्या विडीचं थोटूक उचलून ओढावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. नवी पट्टी मागवली.

बुधवारी तर डोकं उकळत होतं. झोप नाही, तोंड आलेलं, आणि खोकला सिगारेट सुटल्यावर थांबायच्या ऐवजी वाढलेला. पहाटे डुलकी लागली तर स्वप्नात सिगारेट ओढली आणि घाबरून उठलो. भूक अशी की मूठमूठ गूळ-शेंगदाणे खात होतो. संध्याकाळी मुलगी पाटीवर पेन्सिल कर्रकर्र ओढत होती. मी पाटी हिसकावून भिंतीवर आपटली. बायको मध्ये आली, अहो तिला काय कळतंय म्हणाली, आणि मी हाताला लागला तो पितळी तांब्या फेकला. तिच्या भुवईवर खोक पडली. रक्त डोळ्यात उतरलं तरी ती ओरडली नाही. तिनं मुलीचं तोंड आपल्या पदरात दाबून धरलं. मी लाथ मारून दार उघडलं आणि अंधार पडेपर्यंत रुळांच्या कडेनं लंगडत फिरलो. लाज वाटत होती, पण लाजेपेक्षा तल्लफ मोठी होती हे आज कबूल करतो.

गुरुवारी मात्र आक्रीत झालं. सकाळी राखुंडीनं दात घासले आणि पाव तासात डोक्यातला कढ खाली बसला. हात थरथरायचे थांबले. रात्री जेवणानंतर पुन्हा दात घासले आणि गाढ झोपलो. शुक्रवारी, शनिवारी तसंच. राखुंडीची मला गोडीच लागली, दिवसातून चारदा दात घासू लागलो. कचेरीत छाती काढून सांगत होतो की मनाचा निग्रह लागतो, येरागबाळ्याचं काम नव्हे. अंगठ्याची ठणठण तेवढी कमी होत नव्हती.

रविवारी सकाळी मला वास यायला लागले. धूर बंद झाला की नाक परत येतं, हे मला ठाऊक नव्हतं. कढीपत्त्याचा वास आला, ओल्या मातीचा आला, मुलीच्या केसांतल्या तेलाचा आला. त्याच नाकानं राखुंडीचा डबा उघडला आणि जळक्या तंबाखूचा वास आला.

मिश्री. आमची भांडी घासणारी बाई दातांना लावते तीच, भाजून काळी केलेली तंबाखू. राखेत मिसळली तर दिसायची नाही.

मी डबा घेऊन स्वयंपाकघरात गेलो. बायको चुलीपाशी होती, भुवईवर हळद. माझा हात वर गेला. ती उठली नाही, मागे सरली नाही. म्हणाली, “मीच घातली. बाई म्हणाली, मिश्री लावली की तिचा नवरा गप ऱ्हातो. तुम्ही ओढत होता तेव्हा नुसते ओढत होता. सोडल्यापासून आम्हाला मारताय. मला या घरात पोरीला घेऊन जगायचं होतं.”

हात वरच राहिला. मग मी खाली बसलो आणि अंगठ्याची चिंधी सोडून दाखवली. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं. काळेपणा टोकावरून नखाच्या मागेपर्यंत सरकला होता.

“हे मला का नाही सांगितलंत?” तिनं विचारलं.

तू बरोबर ठरली असतीस म्हणून, असं मी सांगितलं. खरं तेच होतं, आणि ते तोंडातून बाहेर पडल्यावर मला माझीच किळस आली.

तिनं डबा मोरीत रिकामा केला. मग ट्रंक भरली. म्हणाली, पहिला आठवडा आता नव्यानं काढा, पण एकट्यानं. मुलीला घेऊन ती खालापूरला माहेरी गेली. मी तो आठवडा काढला. भिंतीवर मुठी मारल्या, दोन पातेली चेपली, उशी फाडली. पण समोर माणूस नव्हतं. हमालाची माफी मागितली. त्या दिवसापासून तो विडी फाटकाबाहेर ओढू लागला.

अंगठा पुढे कापावा लागला, पाऊल वाचलं. त्या तीन दिवसांच्या मिश्रीनं तो गेला की आधीच गेलेला होता, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

पण ते नंतरचं. माहेरी गेल्यापासून नवव्या दिवशी बायको परत आली. मी अंगठा दाखवायला चिंधी सोडू लागलो. तिनं मुलीला दाराबाहेरच थांबवलं होतं. पायाकडे तिनं पाहिलंच नाही. माझा उजवा हात हातात घेतला, तो थरथरतोय का ते बराच वेळ पाहिलं आणि मगच मुलीला आत बोलावलं.