शेवटचं वाक्य

कापसाच्या जिनातली ती कारकुनाची जागा मला मिळाली असती, हे मी आजही कुणालाही पटवून सांगू शकतो. लेखी हिशेबात माझं एकही उत्तर चुकलं नव्हतं. अक्षर मोत्यासारखं होतं. अडलं ते एका वाक्यापाशी, आणि ते वाक्य मला तोंडपाठ होतं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. मायच्या पोटात पाणी होत होतं. नंदुरबारच्या दवाखान्यात ते काढून घ्यायचे, आठ-दहा दिवस बरे जायचे, पुन्हा पोट फुगायचं. आमचं गाव तापीकाठी. वाटेवरचं कोरीट गाव मागे पडून जिनाची धुराडी दिसेपर्यंत बैलगाडीच्या हादऱ्यांनी मायचा जीव अर्धा झालेला असायचा. डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले, "यांना शहरात ठेवा. अशा गाडीतून आणत राहिलात तर औषधाने काही होणार नाही." शहरात ठेवायचं कुठे? तिथे आमचं कुणी नव्हतं. जिनात कापसाच्या गाड्या तोलून चिठ्ठी करणाऱ्या कारकुनाची जागा निघाली, आणि कारकुनाला गोदामामागे राहायला खोली होती. दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर. मला जागा हवी होती ती त्या खोलीसाठी.

तीन वेळा बोलावलं. पहिल्यांदा हेडकारकुनाने हिशेब आणि अक्षर पाहिलं. दुसऱ्यांदा मॅनेजरने तोलाचा काटा दाखवून उलटसुलट विचारलं. तिसऱ्यांदा, म्हणजे शेवटची मुलाखत घ्यायला, खुद्द शेठ सुरतेच्या गाडीने येणार होते. उरलो होतो दोघेच. दुसरा एक शिंप्याचा मुलगा होता, हिशेबात माझ्या मागे.

आमच्या शाळेतल्या मास्तरांनी मला समोर बसवून शिकवलं. "उठताना तीन वाक्यं बोलायची. जास्त नाही, भाषण करू नकोस. एक, आपण वेळ दिलात, आभारी आहे. दोन, काम पाहिलं, ते मला समजलं. तीन, ही जागा मला अजूनही हवी आहे, दिलीत तर टिकून काम करीन. मग नमस्कार करून बाहेर ये." ती वाक्यं मी वाटेवर गाडीत बसून इतक्या वेळा म्हटली, की शेवटी बैल कान हलवायला लागले.

गाडी हाकत होते वडील. बैलबाजारात त्यांची ख्याती होती. ज्या बैलावर मन बसलं त्याच्याकडे ते बघायचेसुद्धा नाहीत. शेजारच्या बैलाचे दात तपासायचे, जांभई द्यायचे, आणि मग रुमालाखाली दलालाच्या बोटांशी भावाचं बोलून हवा तोच बैल घरी आणायचे. माझी पोपटपंची ऐकून ते मागे न वळता म्हणाले, "तिसरं सांगू नको. गरज दखाडी का भाव चढस. तोंडवर काही दखाडू नको."

"पण मास्तर म्हणतात..."

"मास्तरनी कितला बैल लिधात?"

मास्तरांनी जन्मात बैल घेतला नव्हता.

शिंप्याच्या मुलाला आधी बोलावलं. मी बाहेर बाकावर होतो, दार अर्धवट उघडं. शेवटी त्याचा आवाज आला, कापरा पण स्वच्छ. "आपण मला तीनदा बोलावलंत, फार आभारी आहे. शेठ, मला ही जागा पाहिजे. दिलीत तर कुठे जाणार नाही." मी मनात हसलो. म्हटलं, काय हा लाचार! हा बाजारात उभा राहिला तर याला म्हातारा बैल तरण्याच्या भावाने विकतील. हे हसू मला पुढे फार महागात पडलं.

माझी मुलाखत उत्तम झाली. शेठ शांत बोलायचे, गुजरातीकडे झुकलेलं मराठी. त्यांनी गाड्यांची गर्दी झाली तर काय करशील ते विचारलं, ओला कापूस कसा ओळखशील ते विचारलं. शेतकऱ्याचंच पोर मी, ते सांगितलं. मग विचारलं, "घेर जमीन छे?" मी छाती काढून किती ते सांगितलं. शेवटी ते खुर्चीत मागे टेकले. "कंई कहेवु छे? काही सांगायचं आहे?"

मी उठलो. "आपण वेळ दिलात, आभारी आहे. काम मी पाहिलं, ते मला समजलं."

तिसरं वाक्य ओठावर आलं होतं. शेठ वाट पाहत होते, हे मला दिसत होतं. त्यांनी भुवया किंचित वर केल्या. त्या क्षणी मला गोदामामागची खोली दिसली, तिथे बाज टाकून पडलेली माय दिसली, आणि छातीत इतकी गरज उसळली की मी घाबरलो. ही तोंडावर दिसली तर संपलंच. मी चेहरा ताठ केला आणि म्हणालो, "बाकी आपली मर्जी. घरी शेती आहेच."

शेठनी मान हलवली आणि पेनाचं टोपण लावलं.

बाहेर निंबाखाली वडील गाडी सोडून बसले होते. "काय बोलना?" मी सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. येताना आम्ही मायसाठी गोडी शेव घेतली.

चौथ्या दिवशी कळलं, जागा शिंप्याच्या मुलाला दिली. आठवड्याच्या बाजारात हेडकारकून भेटले. वडील बरोबरच होते. हेडकारकून हळहळून म्हणाले, "अरे, शेठचा कल तुझ्याकडेच होता. पण म्हणाले, जमीनवाला पोरगा आहे, पाऊस पडला की पेरणीला पळेल. याला जागा नको आहे, नुसता बघायला आलाय. हवी आहे एवढं बोलला असतास तर..." वडिलांनी खाली बघितलं.

मायने एकदाच विचारलं, "भाऊ, तुले पाहिजे व्हती ना ती नोकरी?" मी हो म्हणालो. "मंग ठीक शे," म्हणाली आणि भिंतीकडे वळली. मला आजही कळलेलं नाही, त्यात ठीक काय होतं. गाडीच्या फेऱ्या चालू राहिल्या. त्यांतच आमचा एक बैल लंगडा झाला. माघात, दवाखान्यातून परत येताना, माय गाडीतच गेली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो, आणि मला वाटत होतं की झोप लागली.

दोन महिन्यांनी वडील लंगड्याच्या जागी बैल घ्यायला बाजारात गेले. मी बरोबर होतो. एका पांढऱ्या बैलापाशी ते थेट जाऊन थांबले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. दलालाने सवयीने रुमाल पुढे केला. वडिलांनी रुमालाखाली हात घातलाच नाही. भर बाजारात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हाऊ बैल माले पाहिजे."

दलाल आधी गोंधळला, मग हसला, आणि त्याने मन मानेल तो भाव सांगितला. वडिलांनी तो दिला. ओळखीची माणसं एकमेकांना कोपरं मारत होती. म्हाताऱ्याचं डोकं बायकोमागे गेलं, असं कुणीतरी म्हणालंही.

परतताना ते कासरा धरून पुढे चालले होते. कोरीटजवळ, मागे न वळता, म्हणाले, "पाहिजे ते सांगी टाकं. काही व्हत नई रे."

मी मागे होतो. माझ्या तोंडावर काय होतं ते त्यांना दिसलं नाही.