नोकरीची पहिली तारीख

कतारमधली माझी पहिली पगाराची स्लिप आली तेव्हा मी लुसैलच्या साइटवर, कंटेनरच्या ऑफिसात डक्टचं ड्रॉइंग तपासत होते. गुरुवारची दुपार होती. ईमेल उघडला आणि आधी सगळ्यात खालचा आकडा पाहिला. चार हजार पन्नास रियाल. करारपत्रावर नऊ हजार लिहिलेले होते.

मी एसीचं काम बघणारी इंजिनिअर. आकड्यांची भीती मला कधी वाटली नाही. पण त्या कागदासमोर मी इतकी गोंधळले, की शेजारच्या टेबलावरच्या क्वांटिटी सर्व्हेअरने विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी हो म्हटलं आणि स्लिप आप्पांना पाठवून दिली.

आप्पा म्हणजे माझे वडील. इचलकरंजीच्या एका सूतगिरणीत त्यांनी जन्मभर कामगारांची पगारपत्रकं केली. लहानपणी शाळा सुटली की मी त्यांच्या टेबलाशी जाऊन बसायची. एखादा कामगार स्लिप घेऊन यायचा, "आप्पा, दोनशे कमी का आलं?" म्हणायचा. मग आप्पा पेन्सिलीचं टोक एकेका ओळीवर ठेवत वरून खाली यायचे. खालून वर कधीच नाही. "खालचा आकडा बघून माणूस नुसता चिडतो," म्हणायचे.

शुक्रवारी इथे सुट्टी. सकाळीच त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मी अल थुमामातल्या कंपनीच्या फ्लॅटमध्ये, माझ्या खोलीत गादीवर बसले होते. डोक्यावरून विमानं उतरत होती, त्यामुळे मधूनमधून थांबावं लागे. आप्पांनी चक्क स्लिपची प्रिंट काढून आणली होती.

"काय गं, पीएफ कुठं दिसंना झालाय?"

"इथं नसतो आप्पा. आपल्यासारख्या बाहेरच्या लोकांना नाही."

"आणि प्रोफेशनल टॅक्स? इन्कम टॅक्स?"

"पगारावर टॅक्सच नाही इथं."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. "मग हे कापलं कुणी?"

आम्ही वरून सुरुवात केली. मूळ पगार पाच हजार चारशे, घरभाडं भत्ता दोन हजार सातशे, प्रवास भत्ता नऊशे. एकूण नऊ हजार, म्हणजे दिवसाला तीनशे. त्याखाली कपाती. पहिली तीन हजारांची: नोकरीत नसलेले दहा दिवस. दुसरी तीनशेची: एक दिवस गैरहजर. तिसरी पाचशेची. आल्या आल्या मी दोन हजार उचल घेतली होती, तिचा चारातला पहिला हप्ता. गादी, कुकर आणि तांदूळ त्यातूनच आले होते. चौथी खोलीच्या भाड्याची, अकराशे पन्नास.

"खोलीला महिन्याला किती?" आप्पांनी विचारलं.

"पंधराशे."

"म्हणजे दिवसाला पन्नास. अकराशे पन्नास भागिले पन्नास." पेन्सिल कागदावर टेकल्याचा आवाज मला ऐकू आला. "तेवीस दिवस. बाळा, भाडं तेवीस दिवसांचं कापलंय आणि पगार वीसच दिवसांचा धरलाय. तू गेलीस कधी?"

मी आठ तारखेला पोचले होते. गुरुवार होता. पहाटे उतरले, ड्रायव्हर थेट हेड ऑफिसला घेऊन गेला. तिथे रुजू झाल्याच्या कागदावर सही केली, दुपारी सेफ्टीचं ट्रेनिंग झालं आणि संध्याकाळी खोलीची किल्ली मिळाली. शुक्रवार-शनिवार सुट्टी. रविवारी, अकरा तारखेला, साइटच्या हजेरीच्या मशीनवर पहिल्यांदा बोट ठेवलं. पगाराने तो रविवार धरला होता, खोलीने गुरुवार.

"जाऊ दे आप्पा," मी म्हटलं. "नऊशे रियालच तर आहेत. पहिल्याच महिन्यात भांडण कशाला?"

"पैशाचं नव्हं गं." आप्पांनी चष्मा काढला. "नोकरीची पहिली तारीख चुकू द्यायची नसती. रजा, ग्रॅच्युइटी, सगळं तिच्यापासून मोजत्यात. मी पहिली दोन वर्षं बदलीवर होतो, दुसऱ्याच्या जागी. कायम केलं तेव्हा त्या तारखेपासून धरलं. म्या हजार माणसांच्या तारखा नीट केल्या, माझीच राहिली."

हे त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं त्या टेबलाशी बसूनही मला ते माहीत नव्हतं. त्या क्षणी त्यांच्या शेजारी असावं असं इतकं वाटलं, की मी फोन जवळ धरला. पडद्यावर त्यांचं कपाळच तेवढं मोठं झालं.

रविवारी साहेबांना सांगून मी हेड ऑफिसला गेले. पगार विभागात केरळचे एक गृहस्थ होते, पन्नाशीचे, टेबलावर ताकाची बाटली. मी हिंदीत म्हटलं, "सर, भाडं तेवीस दिवसांचं आहे आणि पगार वीस दिवसांचा. यातलं एक चूक आहे."

त्यांनी स्लिप घेतली, भाड्याचा आकडा कॅल्क्युलेटरवर टाकला आणि माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्ही शोधलंत?"

"माझ्या वडिलांनी."

"काय करतात ते?"

"तुमचंच काम करायचे."

ते हसले आणि माझी फाइल मागवली. रुजू झाल्याच्या कागदावर आठ तारीख होती, ट्रेनिंगच्या हजेरीपत्रकावर माझी सही होती. "साइटच्या मशीनवरून तारीख उचलली गेली," ते म्हणाले. "आणि हा गैरहजर दिवस?"

त्या दिवशी कंपनीच्या मंदूबने, म्हणजे सरकारी कामं करणाऱ्या माणसाने, मला रेसिडेन्स परमिटच्या मेडिकलला आणि बोटांच्या ठशांना नेलं होतं. त्यांनी त्याला फोन लावला. दोन वाक्यांत उत्तर आलं. "खलास, हा दिवस कामाचाच," म्हणत त्यांनी तीनशेवर रेघ मारली. नऊशे आणि तीनशे, बाराशे रियाल पुढच्या पगारात थकबाकी म्हणून येतील.

मी उठले, पुन्हा बसले. "सर, वार्षिक रजा कधी मिळेल?"

"वर्ष पूर्ण झाल्यावर. आता आठ तारखेपासून मोजायचं, अकरापासून नाही." मग स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "मला इथे एकोणीस वर्षं झाली. मीही दिवसच मोजतो."

परतताना टॅक्सीत मी आप्पांना कळवलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तारीख बदलली का? लेखी घे." मी घेतली होती. पण मनात घोळत होते ते तीन दिवस. घर तीन दिवसांनी अलीकडे आलं होतं. इचलकरंजीला तीन दिवसांचं काय मोल, असे कितीतरी तीन दिवस मी नुसते लोळून घालवले होते.

दुसऱ्या महिन्याच्या स्लिपमध्ये बाराशे आले. भाडं आणि उचलीचा हप्ता, एवढ्याच कपाती. तरी मी ती आप्पांना पाठवली, आणि शुक्रवारी आम्ही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गेलो. तिसऱ्या महिन्यात पाहण्यासारखं काहीच नव्हतं. आप्पांचं दोन मिनिटांत वाचून झालं.

"बरोबर हाय सगळं," ते म्हणाले.

"नक्की? प्रवास भत्ता बघितला?"

"बघितला की."

"परत एकदा बघा ना, आप्पा."

कागदाची घडी उलगडल्याचा आवाज आला आणि ते पुन्हा वाचू लागले, मूळ पगारापासून, सावकाश.