भरतीचं वजन

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वडिलांचं वजन शहाण्णव किलो होतं. हर्निया वाढत होता. पट्टा बांधूनही त्यांना उसाच्या फडात वाकता येत नव्हतं. सांगलीच्या सर्जननी सांगितलं, ऑपरेशन करतो, पण आधी शहाऐंशीपर्यंत या.

वडील फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. म्हणाले, "शहाऐंशी कशाला? भरतीला चोपन्न होतो. चोपन्नच करतो."

"तेव्हा तुम्ही अठरा वर्षांचे होता. आता ते व्हायचं नाही आणि व्हायची गरजही नाही. आठवड्याला अर्धा किलो, फार तर एक. चार-पाच महिने लागतील."

"तेवढ्यात आमी रंगरूटाचा शिपाई करतो, डॉक्टर."

उंब्रजला घरी आल्यावर त्यांनी भाकरी बंद केली. दिवसभर ताक, संध्याकाळी एक पेरू. दर रविवारी ते गुळाच्या अडतीवरच्या काट्यावर उभे राहत. पहिल्याच रविवारी चार किलो उतरले.

हमाल हसले. "सुभेदार, आर्धी ढेप कुणी खाल्ली वो?"

त्या चार किलोंवर वडिलांनी पुढचा हिशेब मांडला. दुसऱ्या रविवारी काटा दीडच किलोनं खाली आला, तेव्हा त्यांनी ताकही निम्मं केलं. त्याच आठवड्यात उसाला पाणी पाजताना ते पाटात पडले. शेजाऱ्यानं आणि मी त्यांना उचललं. डोळे उघडे होते, पण बोलत नव्हते. मला तेव्हा काही वाटल्याचं आठवत नाही. त्यांचे हात गार होते, हे आठवतं.

त्यांना सांगलीच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे काटा एकोणनव्वदवर थांबला. वडील म्हणाले, "तीनच किलो राहिलं. करून टाका."

"नाही. पहिल्या आठवड्यात उतरलं ते बरंचसं पाणी होतं. मग अंगातलं मांस झिजलं. असा माणूस टेबलावर घेतला तर जखम भरायची नाही. भाकरी, उसळ, भाजी, दूध सुरू करा. आधी एक-दोन किलो वाढेल, घाबरू नका. मग सावकाश उतरवा."

घरी आईनं ताट वाढलं. वडील ताटाकडे बघत बसले.

आई म्हणाली, "आवं, चोपन्नाचं होता तवाच मला बघायला आला व्हता. तुमी गेल्यावर आमच्या आईनं इचारलं, पोरगं आजारी हाय का?"

वडील हसले नाहीत. त्यांनी भाकरी मोडली.

पुढच्या रविवारी काटा चढला. नंतर तो आठवड्याला अर्धा किलो, कधी त्याहून कमी, असा उतरत गेला. मधले काही रविवार जागचा हलला नाही. तरी वडील जेवत राहिले. उसाचा हंगाम संपत आला, तेव्हा सत्त्याऐंशी भरले. डॉक्टरांनी नाडी बघितली, पोट दाबून बघितलं आणि एका किलोसाठी अडून न बसता तारीख दिली.

जखम वेळेत भरली. चोपन्नाचं नाव वडिलांनी परत काढलं नाही.