बाबांच्या कार्डाचं बटण

बाबा नागपूरहून आयर्लंडला, लिमरिकमध्ये माझ्याकडे आले ते एकाच हट्टानं: नातीला सायकल घ्यायची, स्वतःच्या पेन्शनमधून. निघण्याआधी बँकेत जाऊन त्यांनी अर्ज दिला, कार्ड परदेशात चालू करून घेतलं, अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून आणला. शिवाय आधीच पैसे भरून ठेवलेलं दुसरं कार्डही आणणार होते. मी फोनवरच खेकसले, "कशाला ते ओझं? मी आहे ना!" त्यांनी ते घरी ठेवलं.

आल्या दिवशी कॉफीच्या दुकानात माझ्याकडे वळून त्यांनी कार्डाचा पिन मोठ्यानं म्हणून दाखवला. बरोबर आहे ना, म्हणे! माझं डोकंच फिरलं. गाडीत त्यांचा फोन ओढून घेतला, पासवर्ड विचारून बँकेचं ॲप उघडलं आणि त्यांना काही न सांगता कार्डाच्या परदेशी वापराचं बटण बंद करून टाकलं. घरी आल्यावर, रोमिंग महाग म्हणून त्यांचं सिम काढून ड्रॉवरमध्ये टाकलं. मग ऑफिस, शाळा, स्वयंपाक. विसरले.

शनिवारी सायकलच्या दुकानात बाबांनी कार्ड घातलं. नाही चाललं. परत घातलं. मागे रांग.

"काहून नाही घेत बापा हे? मी तं सांगून आलो ना बँकेत!" त्यांनी पाकिटातून शिक्क्याचा कागद काढला, घडी उलगडली आणि काउंटरवरच्या पोराला दाखवू लागले. तो बिचारा म्हणाला, "नो हरी, यू आर ग्रँड," म्हणजे घाई नाही, चालतंय.

लाजेनं मी पेटले. "बाबा, कागद आत ठेवा! एक काम नीट होत नाही तुमच्याकडून? बँकेला धड सांगायलाही येत नाही?"

लेकीनं विचारलं, "आबा, इज युवर कार्ड फेक?"

मी मशीनला माझा फोन टेकवला, पैसे भरले. लेक मला बिलगली, "थँक्स, मम्!" बाबा सायकलची घंटी रुमालानं पुसत राहिले.

संध्याकाळी बँकेला झापायचं म्हणून त्यांच्या फोनमध्ये त्यांचं सिम घातलं. कार्ड नाकारल्याचे दोन मेसेज आले: परदेशी वापर बंद. तेव्हा आठवलं! बाबा शेजारीच वाटाणे सोलत होते. "काय म्हणते बँक?" त्यांनी विचारलं.

"त्यांचीच चूक," मी म्हटलं आणि गुपचूप बटण चालू केलं. काय निर्लज्ज बाई मी!

पुढचे दोन महिने त्यांनी कार्ड बाहेर काढलं नाही. दाढीचं ब्लेडही माझ्याकडे मागायचे, तेही मी एकटी असताना.

परत गेल्यावर त्यांचा फोन आला. आवाज किती दिवसांनी खणखणीत! शिक्क्याचा कागद घेऊन ते बँकेत गेले होते. अर्ज घेणाऱ्या मॅडमला सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले. ती रडली म्हणे. तीस वर्षांचं खातंही बंद करून आले.

"आता सांग, चूक माझी होती का?"

"नाही बाबा," मी म्हटलं. "बरं केलंत."