कोरे टी-शर्ट

दहीहंडीआधी आमच्या गोरेगावच्या गाळ्यात दादा दरवर्षी अंदाजाने भगवे टी-शर्ट छापून ठेवायचा आणि गोविंदा पथकं नेमके निळे मागायची. माझं डोकंच फिरायचं. छापलेलं परत कोरं होतं का?

यंदा मी हट्टाने सगळ्या मापांचे पांढरे टी-शर्ट शिवून ठेवले. रंग आणि छपाई ऑर्डर आल्यावरच.

"गाळा आहे की दवाखाना?" दादा म्हणाला.

हंडीला दोन दिवस उरले आणि एका पथकाचा प्रायोजक बदलला, म्हणजे टी-शर्टचा रंग आणि त्यावरचं नावही बदललं. बाकीच्या छपाईवाल्यांचा माल आधीच छापून झालेला. कप्तान धापा टाकत आमच्याकडे आला. आम्ही त्याच दिवशी पांढरे टी-शर्ट हिरवे रंगवले, दुसऱ्या दिवशी छापून दिले.

हंडीला सात थर लागले, सगळे हिरवेगार. दादा ओरडला, "आपले आहेत ते!"

"परवापर्यंत कुणाचेच नव्हते, दादा," मी म्हटलं, "म्हणून जमलं."