उत्तरपत्रिकेतला येसर

पूर्वपरीक्षेचा निकाल लागला त्या संध्याकाळी ताईने पेढे आणले आणि मी पेढा हातात धरूनच आकडेमोड करायला लागले. आनंद झाला नव्हता असं नाही. पण आमच्यासारख्यांचा आनंद फार वेळ बसत नाही, चहा पिऊन निघतो. पूर्वपरीक्षा पास झाली म्हणजे मुख्य परीक्षेचा अर्ज आला, अर्जाची फी आली, परीक्षेच्या गावी जाऊन राहण्याचा खर्च आला. त्यातच अभ्यासिकेच्या मालकाने महिन्याची फी वाढवली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

आम्ही दोघी बहिणी मुकुंदवाडीत एका खोलीत राहायचो. गाव पाचोड. ताई बारावीनंतर चिकलठाण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली आणि मी पदवीनंतर तिच्या खोलीत येऊन स्पर्धा परीक्षेला लागले. 'लागली' दोघींनाही म्हणतात, पण पगार एकीलाच मिळतो. मी संध्याकाळी गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायचे, तेवढीच माझी वरकमाई.

तोपर्यंत खर्चाच्या बाबतीत मी स्वतःला फार हुशार समजत होते. शाळेची पुस्तकं गुलमंडीजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतली. इतिहास आणि भूगोल जुन्या आवृत्तीचे चालतात, कारण नद्या काही जागा बदलत नाहीत. अर्थव्यवस्थेचं मात्र नवंच घ्यावं लागतं. चालू घडामोडींचं मासिक आम्ही अभ्यासिकेत चौघींनी मिळून लावलं होतं. पूर्वपरीक्षेची टेस्ट सिरीज तर मी घेतलीच नाही. आयोगाच्या संकेतस्थळावर जुने पेपर आणि उत्तरतालिका फुकट असतात. गोल काळे करायचे, घड्याळ लावायचं, आपणच तपासायचं. चार पर्यायांतला एक बरोबर असतो, तो सांगायला पैसे कशाला द्यायचे?

मुख्य परीक्षेने ही हुशारी उतरवली. ती आता लेखी उत्तरांची झाली होती. पानंच्या पानं लिहायची. आणि आपण लिहिलेलं उत्तर आपल्यालाच वाचायला दिलं तर ते छानच वाटतं, कारण जे कागदावर उतरलेलं नसतं तेही आपल्या डोक्यात असतं. म्हणजे तपासणारा हवा, आणि तपासणारा विकत घ्यावा लागतो.

अभ्यासिकेत माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने एका मोठ्या क्लासची टेस्ट सिरीज घेतली होती. घरबसल्या पेपर लिहायचा, मोबाइलवर पानांचे फोटो काढून पाठवायचे, काही दिवसांनी लाल शेरे मारलेली प्रत परत येते. फी ऐकून मी हात टेकले. त्या क्लासच्या बाई मला रोज फोन करायच्या. "मॅम, सवलत आज रात्रीपर्यंतच आहे," असं त्या सोमवारी म्हणाल्या, मंगळवारी म्हणाल्या आणि गुरुवारीही म्हणाल्या. मला कळत होतं, तरी प्रत्येक रात्री जीव खालीवर व्हायचा. पुस्तक उघडलं की फी आठवायची, फी विसरायला बाहेर पडलं की पाय आपोआप स्टेशनकडे वळायचे. मुकुंदवाडीच्या त्या एवढ्याशा फलाटावर मी इतक्या येरझाऱ्या घातल्या की तिथला चहावाला मला कुणाला तरी घ्यायला आलेली समजायचा.

अशात ताईची भिशी लागली. पॅकिंगमधल्या बायकांची भिशी, दर महिन्याला चिठ्ठी निघायची. ती पैसे घेऊन आली आणि माझ्या पुस्तकांवर ठेवून म्हणाली, "घे. ती टेस्ट का काय ती लावून टाक."

त्या पैशांचं काय ठरलं होतं ते मला माहीत होतं. मुक्त विद्यापीठातून बी.ए. करायचं तिच्या मनात होतं. प्रवेशाचं माहितीपत्रक डब्यांच्या फळीवर, येसराच्या बरणीखाली ठेवलेलं होतं. फी त्या भिशीतूनच जाणार होती आणि शेवटची तारीख तोंडावर आली होती.

"आणि तुझं ॲडमिशन?" मी विचारलं.

"पुढल्या वर्षी बघू. माझं काय पळून चाललंय व्हय?"

हे 'पुढल्या वर्षी' मी आधीही ऐकलं होतं. मला राग आला, तिचा नाही, त्या पैशांचा. एकाच नोटांच्या पुडक्यात दोन बहिणी बसत नव्हत्या.

सिरीजचा पहिला पेपर फुकट होता, पटला तर पुढे पैसे भरा. मी तो लिहायला घेतला. प्रश्न होता पंचायत राज आणि स्त्रियांचा सहभाग यावर. दीड पान झाल्यावर माझं डोकं फिरलं म्हणा किंवा ठिकाणावर आलं म्हणा. आदल्या दिवशी मैत्रिणीच्या तपासलेल्या प्रती पाहिल्या होत्या आणि प्रत्येकीवर शब्दही न बदलता एकच शेरा होता; हे कुणी वाचतं तरी का, असं वाटून गेलं होतं. मी ग्रामसभेच्या अधिकारांनंतर, अक्षर जराही न बिघडवता लिहिलं: 'येसर करताना गहू, हरभऱ्याची डाळ व धने वेगवेगळे भाजावेत. एकत्र भाजल्यास धने करपतात व डाळ कच्ची राहते.' त्यानंतर पुन्हा ग्रामसभेवर आले, समारोप केला आणि फोटो पाठवून दिले.

आमच्याकडे येसर म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाले भाजून केलेलं आमटीचं पीठ. ते जिल्हा परिषदेच्या अधिकारात येत नाही.

प्रत परत आली. येसराशेजारी लाल रंगाची बरोबरची खूण होती. शेवटी मैत्रिणीच्या प्रतींवरचाच शेरा होता: 'मांडणी चांगली. उदाहरणे वाढवा.'

मी आधी हसले. अभ्यासिकेत मोठ्याने हसता येत नाही म्हणून जिन्यात जाऊन हसले. मग तिथंच बसून रडायला आलं, कारण इतके दिवस मी ज्या गोष्टीसाठी जीव टाकत होते ती ही होती. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

मैत्रिणीला दाखवलं तर तिला वाईट वाटलं, पण ती म्हणाली, "अगं, तपासणीसाठी कोण घेतं? प्रश्नांसाठी घेतात. सगळे घेतायत, आपण मागं पडू."

'सगळे घेतायत' हे ऐकलं की शहाण्या माणसाचंही बोट पैसे भरायच्या बटणाकडे जातं. माझंही गेलं होतं. त्या रात्री बाईंचा फोन आला तेव्हा मी चक्क 'बघते' म्हणाले, इतकी मी घाबरट. पण अंथरुणावर पडल्यावर एवढं उमगलं की प्रश्न मला मिळत होते. अभ्यासक्रमाच्या प्रत्येक ओळीचा प्रश्न करता येतो. वाचणारा तेवढा मिळत नव्हता.

सकाळी मी शहरातल्या एका जुन्या कॉलेजात गेले. तिथल्या ग्रंथालयातून एका निवृत्त सरांचा पत्ता मिळाला. राज्यशास्त्र शिकवायचे, आता घरी उत्तरं तपासून देतात असं ऐकलं होतं. एका उत्तरपत्रिकेचे ठरावीक पैसे, समोर बसून वाचणार, आगाऊ काही नाही. मी त्यांच्यापुढे तीच येसरवाली प्रत ठेवली, लाल खुणा नसलेली. मला आता कुणावरच भरवसा नव्हता.

सर चष्मा लावून वाचत गेले. ग्रामसभेपाशी एक शब्द खोडला. मग थांबले. मागे गेले, पुन्हा वाचलं.

"धने करपतात हे बरोबर आहे," ते म्हणाले. "पण हे इथं कशाला?"

मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. "परीक्षा घेतली माझी. घ्यायलाच पाहिजे," एवढंच म्हणाले आणि नंतर अर्धा तास त्यांनी माझ्या उरलेल्या उत्तराची सालं काढली. प्रश्नात 'परीक्षण करा' लिहिलं होतं आणि मी नुसतं वर्णन केलं होतं. दुसऱ्या पानावर पहिल्याच पानावरचं तिसऱ्यांदा सांगितलं होतं. स्त्रियांच्या सहभागावरच्या आख्ख्या उत्तरात एकही बाई नव्हती. बाहेर पडले तेव्हा कान गरम झाले होते, पण कित्येक दिवसांनी पाय स्टेशनकडे वळले नाहीत.

मी ठरवलं: सरांकडे मोजक्याच उत्तरपत्रिका न्यायच्या, प्रत्येक पेपरच्या दोन. आधी घरी लिहायचं, मैत्रिणीशी अदलाबदल करून वाचायचं आणि आम्हाला दोघींनाही न दिसणारी चूक शोधायला सरांकडे जायचं. एवढ्याला माझे शिकवणीचे पैसे पुरत होते. भिशीचं पुडकं तसंच राहिलं.

ते घेऊन मी नेट कॅफेत गेले आणि ताईचा प्रवेशअर्ज भरला. तिची बारावीची गुणपत्रिका गुपचूप आणली होती. पावती तिच्यापुढे ठेवली तेव्हा ती भडकली.

"मी तुला इचारलं होतं का? तुझी परीक्षा राहिली बाजूला अन् माझं बी.ए. करून काय दिवे लावायचेत?"

"तुझे पैसे होते," मी म्हणाले.

"मी तुला दिलेले होते. दिलेले पैसे परत करतेस, लई मोठी झालीस."

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी कंपनीतून येताना मला न सांगता नवं पेन घेऊन आली.

माझी मुख्य परीक्षा झाली. त्या निकालात माझं नाव नव्हतं, हे सांगून टाकते, म्हणजे कुणी वाट बघायला नको. वाईट वाटायचं तेवढं वाटलं. सिरीज घेतली असती तर झालं असतं का, हा किडा काही दिवस डोक्यात वळवळला. अजूनही एखाद्या रात्री वळवळतो. मी पुन्हा अर्ज भरला.

त्याच सुमारास ताईचा पहिला गृहपाठ आला. विषय समाजशास्त्र. तिने तो पूर्ण करून माझ्यापुढे टाकला. "तपास. समोर बसून. पैसे मिळणार नाय," म्हणाली आणि भाकऱ्या थापायला बसली.

मी लाल पेन घेतलं. पहिल्या पानावर मजकूर पुस्तकातला, मी भराभर पुढे गेले. दुसऱ्या पानावर एक ऱ्हस्वदीर्घ सुधारला. ताई थापता थापता माझ्याकडे बघत होती, आणि का बघतेय ते मला कळत नव्हतं. तिसऱ्या पानावर कुटुंबसंस्थेची कार्यं होती. तिथं, अक्षर जराही न बिघडवता, तिने लिहिलं होतं: 'कुटुंब ही समाजाची मूलभूत संस्था आहे. माझी धाकटी बहीण हे खरंच वाचत असेल तर तिने उठून तव्यावरची भाकरी उलटावी.'

मी उठले. भाकरी एका बाजूने करपली होती.