निलमचा वजा

निलम फडवळे माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. बोलते कमी, पण खोडी काढलीत तर मग खैर नाही. मी दक्षा, गेमसाठी चित्रं काढते. डहाणू रोडला झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. चार कॉम्प्युटर आणि एक मुकेश सर. सर इंजिनीअर आहेत, आणि ते विसरू देत नाहीत.

निलम तलासरीजवळच्या झरीची. कॉलेजात गणितात पहिली यायची, तरी तिथल्या पोरांना वाटायचं ही कॉपी करते. ते ऐकून ती पुढच्या परीक्षेत पहिल्या बाकावर, मास्तरांच्या नाकासमोर जाऊन बसली. असा स्वभाव.

मागच्या महिन्यात एका संस्थेचं काम आलं. मुलांसाठी गेम, त्यात तारपा हे भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणारा मधे आणि नाचणारे त्याच्याभोवती. तारप्याचा आवाज निलमच्या पाड्यातल्या सुकऱ्याकाकांचा, आणि गेमवर नावही त्याच पाड्याचं. नाचणाऱ्यांना गोल फिरवायचं काम निलमकडे आलं. तिनं मला समजावलं तेव्हा मलासुद्धा कळलं, म्हणजे बघा! पडद्यावर नाचणाऱ्याच्या जागेचा आडवा आकडा म्हणजे तारपावाल्याचा आडवा आकडा अधिक त्रिज्या गुणिले कोसाइन. उभ्या आकड्याला साइन. कोन येतो वेळेतून. सेकंद वाढले की कोन वाढतो आणि माणूस गोल फिरतो. तारपावाला चालला तर वर्तुळही त्याच्याबरोबर सरकायला हवं, म्हणून त्याची जागा ती दर क्षणी नव्यानं घ्यायची.

फक्त साइनच्या आधी तिनं वजा ठेवला होता. सरांनी पाहिलं आणि काढून टाकला.

"पुस्तकात अधिक आहे. बेसिक चूक आहे ही."

झालं! माझी माणसं उलटी चालू लागली. मी त्यांची पावलं घड्याळाच्या उलट्या दिशेनं टाकलेली, निलमनं पाड्यात व्हिडिओ काढून आणले होते ते बघून. आता वर्तुळ घड्याळासारखं फिरत होतं आणि पावलं मागे पडत होती. सरांनी काय केलं? चित्रंच आरशातल्यासारखी डावी-उजवी पालटली. एक टिचकी, काम तमाम.

"आता छान दिसतंय की."

"सर, आमच्या पाड्यात असं नाचत नाहीत," निलम म्हणाली.

"मुंबईच्या मुलांना कुठली दिशा कळतेय? फायनल झालंय. हात लावलास तर उद्यापासून येऊ नकोस."

घरी तिच्याच पगारावर भावाची फी होती. मी तिला म्हटलं, "जाऊ दे ना गं, तुझं काय जातंय?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटली.

सोमवारी संस्थेच्या वर्षाताई आल्या. सुकऱ्याकाकाही आले, आवाज वापरायच्या परवानगीच्या कागदावर सही करायला. सरांनी पडद्यावर नाच सुरू केला. काकांनी मान वाकडी करून पाहिलं. पेन हातातच राहिलं.

"हे कुठल्या गावचं? आमचं नाही."

सर हसले. "काका, कॉम्प्युटरमध्ये गणित असतं. गणित चुकत नाही."

निलम उठली. तिचे कान लाल झाले होते. "गणित नाही चुकलं. तुम्ही चुकलात."

तिनं नाच थांबवला आणि एकच माणूस शून्य वेळेवर उभा केला. "कोसाइन एक, साइन शून्य. म्हणून हा केंद्राच्या उजवीकडे आहे. आता वेळ थोडा वाढवते. साइन अधिक झालं. वहीत हा वर गेला असता. पण आपल्या पडद्यावर उभा आकडा वरून खाली वाढतो, म्हणून हा खाली गेला. बघा. पुस्तक बरोबर आहे, सर. पडदा पुस्तकासारखा मोजत नाही, एवढंच. माझा वजा त्याच्यासाठी होता."

माणूस खरंच खाली गेला होता. वर्षाताई सरांकडे बघत राहिल्या.

"मी सांगितलं होतं ना, हात लावलास तर..." सर ओरडले.

"काढा मला," निलम म्हणाली. "पण पाड्याचं नाव लावून उलटा नाच विकू नका. नाव काढा, नाहीतर दिशा बदला."

काकांनी पेन कागदावर ठेवलं आणि कागद परत सरकवला. "पोरगी म्हणते तसं होईल तेव्हा सही."

"आणि सही नसेल तर आम्हाला गेम नको," वर्षाताई म्हणाल्या.

सरांनी खुर्ची ओढली, चित्रं परत सरळ केली, कीबोर्डवर हात ठेवले आणि थांबले. कोडच्या ओळी दोनशे होत्या आणि त्या सगळ्या निलमच्या. शेवटी मान न वळवता ते बोलले.

"वजा कुठे घालायचा?"

निलम म्हणाली, "उठा. मी घालते."